अनुभव धागा: बदलती शहरं, बदलत्या भाषा आणि एकच निबंध

अवनी: माझी भाची परदेशी विद्यापीठांना अर्ज करते आहे. आईवडिलांच्या बदल्यांमुळे तिची चार शहरं आणि चार भाषा झाल्या. निबंधाला शब्दमर्यादा 650. पहिला मसुदा मला पाठवला, तर तो प्रवासाच्या वेळापत्रकासारखा वाटला: इथे गेलो, ही भाषा शिकले, मग तिथे गेलो. प्रत्येक शहराला दीडशे शब्द आणि शेवटी 'मी जुळवून घ्यायला शिकले'. वाचून झाल्यावर ती मुलगी कोण, हे मलाच कळलं नाही, आणि मी तर तिची मावशी. तुमच्यापैकी कोणी असं लहानपण निबंधात मांडलं असेल, तर काय ठेवलंत आणि काय गाळलंत ते सविस्तर लिहा.

सायली: माझं अगदी हेच झालं होतं. मराठी घर, आठव्या वर्षी बंगाली शहर, मग हिंदी, पंधराव्या वर्षी तेलुगू. पहिल्या मसुद्यात चारही होतं. आमच्या शाळेतल्या बाईंनी एकच विचारलं, "ह्यातलं कुठलं शहर काढलं तर निबंध कोसळेल?" कुठलंही काढलं तरी तो कोसळत नव्हता.

मग बाईंनी यादी करायला लावली. प्रत्येक शहरासमोर 'तिथे काय पाहिलं' लिहायचं नाही. 'तिथे मी काय करू लागले, जे आधी करत नव्हते' तेवढंच लिहायचं. बंगाली शहरासमोर मी लिहिलं: 'नक्की मला धरून बोलतायत का, हे विचारू लागले.' त्यामागे एक प्रसंग होता. वर्गातल्या मुली माझ्यासमोर म्हणाल्या, "आमरा काल जाबो", उद्या आम्ही जाणार. की उद्या आपण जाणार? बंगालीत दोन्हींना एकच शब्द. मराठी कानाने मी ते 'आम्ही' असं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरीच बसले. नंतर त्यांनी विचारलं, "तू आली का नाहीस?" त्या माझी वाट बघत थांबल्या होत्या.

पंधराव्या वर्षी एका तेलुगू मुलीने जिन्यात हाक मारली, "मनं वेळ्दां." तेलुगूत ऐकणाऱ्याला धरून 'मनं' आणि त्याला वगळून 'मेमु'. आपल्या मराठीतलं 'आपण' आणि 'आम्ही'च की! सात वर्षांनी तो फरक परत भेटला आणि मी पायरीवरच थांबले. निबंध तिथून सुरू झाला.

पण दुसरा मसुदाही फसला. अर्धा निबंध मी सर्वनामांवरच खर्च केला. बाई म्हणाल्या, "भाषा समजली. तू कुठे आहेस?" म्हणून तिसऱ्या मसुद्यात भाषेचं स्पष्टीकरण दोन वाक्यांवर आणलं (इंग्रजीतही 'वुई' एकच, त्यामुळे वाचणाऱ्याला ते सांगणं भाग होतं). उरलेली जागा अकरावीतल्या विज्ञान प्रकल्पाला दिली. आमच्या गटाच्या टिपणात 'आम्ही मोजमाप करू' असं लिहिलेलं असायचं आणि मोजमाप कोणीच करायचं नाही. मी प्रत्येक 'आम्ही'पुढे नावं लिहायला लागले. एकदा एका मुलाचं नाव कुठेच आलं नाही, तेव्हा कळलं की त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं. हिंदी शहर शेवटी अर्ध्या वाक्यात उरलं.

रघुनाथ: मला हे पटत नाही. शहरं गाळली तर दरवर्षी शाळा का बदलली, गुण मध्येच का घसरले, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? सगळं क्रमाने आलंच पाहिजे. माझ्या मुलाने तसंच लिहिलं आणि त्याला प्रवेश मिळाला.

मीरा (बरेच निबंध वाचलेली): रघुनाथ, कळायला हवं हे बरोबर, पण त्यासाठी निबंध ही जागा नाही. कॉमन ॲप, म्हणजे मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांचा सामायिक अर्ज, त्यात शिक्षणाच्या भागात आधीच्या शाळा आणि शाळा बदलण्याचं कारण मागतात. वेगळं सांगायचं असेल तर अतिरिक्त माहितीचा रकाना आहे. तिथे कोरडं लिहावं: अमुक वर्षी बदली, माध्यम बदललं, त्या सहामाहीचे गुण पडले, पुढच्या वर्षी सावरले. हे तिथे लिहिलं की निबंधाच्या पाठीवरचं ओझं उतरतं.

सायलीच्या बाईंच्या प्रश्नाला माझी एक जोड. शहरांची आणि भाषांची नावं झाकून मसुदा वाचा. बदलीच्या नोकरीतल्या कोणाच्याही मुलाने तो लिहिला असता असं वाटलं, तर अजून खोदायचं आहे. 'मी दोन संस्कृतींमधला पूल आहे', 'घर म्हणजे जागा नव्हे, माणसं' ही वाक्यं मी इतक्यांदा वाचली आहेत की ती दिसली की मी आधीच्या परिच्छेदात परत जाते. लिहिणारा जिथे खरोखर अडखळला ती जागा बहुधा तिथेच, वर कुठेतरी, एका ओळीत उरकलेली असते. सायलीचं घरी बसून राहणं पहिल्या मसुद्यात होतं का?

सायली: होतं. कंसात.

पल्लवी: विषय जवळचा आहे म्हणून विचारते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, एका वाक्यात तीन भाषा मिसळते. पुढे तिला लिहिताना त्रास होईल का? आत्ताच एका भाषेवर आणावं का?

मीरा: पल्लवी, हा धागा अर्जाच्या निबंधाचा आहे, पण थोडक्यात सांगते: बहुभाषिक घरातली मुलं भाषा मिसळतातच, त्यात बिघाड काही नाही. तिचे मजेदार शब्द तेवढे लिहून ठेवा.

निखिल: मी ब्रिटनला अर्ज केला आणि हीच कथा तिथे नेऊन फसलो. 2026 च्या प्रवेशापासून यूकासच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशसेवेच्या, अर्जात सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत, तिन्ही मिळून 4000 अक्षरं, मोकळ्या जागा धरून. हा विषय का, अभ्यासातून काय तयारी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. मला भौतिकशास्त्र हवं होतं आणि मी अर्धी जागा बालपणाला दिली होती. आमच्या शिक्षकांनी ती जवळजवळ सगळी खोडली. दोनच ओळी उरल्या: तिसऱ्या शाळेत भाषा येत नव्हती, तेव्हा मी वर्गात फक्त फळ्यावरची समीकरणं समजू शकायचो, आणि त्या वर्षी गणिताची वही सोडून कशातच बोललो नाही. त्या ओळी 'हा विषय का' ह्याचं उत्तर देत होत्या, म्हणून राहिल्या. अवनी, भाची दोन्हीकडे अर्ज करणार असेल तर एकच मजकूर कापून दोन्हीकडे वापरू नका.

तनुजा: सायली, 'आमरा' आणि 'मनं' हे शब्द निबंधात तसेच ठेवलेस का? मी माझ्या निबंधात आजीचे शब्द ठेवले होते, तर एका वाचकाला ते सजावट वाटले. आणि आपण 'आपण' आदरानेही म्हणतो, 'आपण बसा'. ते कुठे बसवलंस?

सायली: दोन्ही शब्द ठेवले, कारण प्रसंगच त्या शब्दांवर फिरतो. त्यांच्या जागी इंग्रजी शब्द टाकून पाहिले तर घोटाळाच नाहीसा होत होता. आदराचं 'आपण' मात्र गाळलं. खरं आहे, पण ते आणलं असतं तर तिसरं वाक्य खर्ची पडलं असतं.

मीरा: माझं मत थोडं वेगळं. एक परका शब्द पुरतो, दुसरा आला की वाचणारा शब्द मोजू लागतो. पण सायलीच्या बाबतीत दोघांपैकी कुठला काढायचा हे मलाही सांगता येत नाही.

अवनी: भाचीला सगळं वाचून दाखवलं. काल रात्री तिने ती यादी केली. पहिल्या शहरासमोर 'कानडी शिक्षिकेच्या ओठांकडे बघून वाचायला लागले', दुसऱ्यासमोर 'घरी येणाऱ्या पत्रांचं आईसाठी भाषांतर करू लागले', चौथ्यासमोर आणखी काहीतरी. तिसऱ्यासमोर तिला काहीच लिहिता आलं नाही. पत्रांपासून सुरुवात करायची असं ती म्हणते, पण त्यातली काही पत्रं आईच्या आजारपणाची होती. ते निबंधात येऊ द्यायचं का, हे ती आज आईला विचारणार आहे.