मदत हवी आहे: साहेबांबद्दलचा रिव्ह्यू खरा लिहायचाय, पण अंगाशी यायला नको

पंचगंगा_काठ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत प्लॅनिंगला आहे. कुठली एमआयडीसी ते सांगत नाही आणि काही तपशील मुद्दाम बदललेत, कारण शिरोलीतली गोष्ट गोकुळ शिरगावात पोचायला इथे वेळ लागत नाही.

यंदा एचआरने नवीन सुरू केलंय: आपण आपल्या साहेबांबद्दल लिहायचं. ऑनलाइन फॉर्म आहे, लिंक प्रत्येकाच्या कंपनीच्या मेलवर आलीय. काही प्रश्नांना १ ते ५ गुण द्यायचे आणि शेवटी दोन मोकळे रकाने, ‘काय चालू ठेवावं’ आणि ‘काय बदलावं’. उत्तरं गोपनीय राहतील असं मेलमध्ये म्हटलंय. साहेबांच्या हाताखाली आम्ही पाच जण.

साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. ग्राहकाशी भांडून आमच्यासाठी मुदत वाढवून आणतात. पण संध्याकाळी एखाद्या ग्राहकाचा फोन आला की थेट सुपरवायझरला सांगून प्लॅन बदलतात, आम्हाला कळतं सकाळी. तोवर आधीच्या पार्टचे कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, तयार झालेले असतात. ते पडून राहतात, पावसाळ्यात ओल धरतात, मग वापरले की कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं पडतात. आणि रिजेक्शनचा जाब प्लॅनिंगला.

मी हे लिहिलंय:
‘जुलैत साहेबांनी रात्री परस्पर प्लॅन बदलला. १४० कोअर तीन दिवस पडून राहिले, निम्मे वाया गेले. सकाळी मीटिंगमध्ये ट्रेनीला सगळ्यांसमोर झापलं. आम्ही सगळेच वैतागलोय. साहेबांना प्लॅनिंगची किंमतच नाही.’

असंच टाकू का? शुक्रवार शेवटचा दिवस आहे.

करवीर_पेठ
नाव लिहायचं नाही ना? मग बिनधास्त टाका. फक्त इंग्रजीत लिहा, मराठीत बोलण्याची ढब लगेच ओळखू येते. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नको, मोबाइलवरून भरा.

माग_आणि_मी
माझंही असंच आहे हो. इचलकरंजीत आहे, मॅनेजरने दोन वर्षं पगारवाढ अडवलीय. तुम्ही तक्रार कुणाकडे करताय? लेबर ऑफिसला अर्ज द्यायचा असेल तर मला पण नमुना द्या.

जुना_पर्सोनेल
माग_आणि_मी, ताई तक्रार करत नाहीयेत, त्यांचा फॉर्म वेगळा आहे. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

ताई, मी कारखान्यांत पर्सोनेलला आयुष्य काढलंय, असे फॉर्म काढलेत आणि वाचलेतही. लिंक तुमच्या मेलवर आली म्हणजे ती बहुतेक तुमच्या नावाची आहे. मोबाइलवरून भरा नाहीतर कॉम्प्युटरवरून, कुणी भरला ते एचआरला किंवा फॉर्म चालवणाऱ्या कंपनीला दिसू शकतं. साहेबांना ते दिसेलच असं नाही. म्हणून एचआरला दोन गोष्टी विचारा. किती जणांची उत्तरं आली तर साहेबांना गुण दाखवणार? आणि मोकळ्या रकान्यातलं लिखाण जसंच्या तसं जाणार की एकत्र करून? दुसऱ्या खात्यातल्या कुणी विचारलं तर आणखी बरं.

आता तुमचा मजकूर. पाच जणांत लोक नावावरून ओळखले जात नाहीत, तपशिलावरून ओळखले जातात. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे आमच्या पाचांपैकी किती जण लिहू शकले असते? १४० कोअर हा आकडा कुणाकडे असतो?

पंचगंगा_काठ
माझ्याकडेच. कोअरचा साठा मीच ठेवते.

जुना_पर्सोनेल
मग तो आकडा म्हणजे तुमची सहीच झाली. जुलै काढा, कोअरही काढा. रिजेक्शनचा आकडा सकाळी सगळ्यांसमोर येतो, ते लिहायला हरकत नाही. ट्रेनीचा उल्लेख काढा, कारण त्यानेच तुमच्यापुढे रडगाणं गायलं असं साहेब धरतील आणि भोगेल तो पोरगा. ‘आम्ही सगळे’ पण नको. बाकी चौघांनी तुम्हाला वकीलपत्र दिलेलं नाही, आणि असं वाचलं की साहेब एकेकाला बोलावून विचारतात. शेवटचं वाक्य तर साहेबांच्या मनात काय आहे त्यावर आहे. ते म्हणतील ‘मला किंमत आहे’, विषय संपला.

हे असं बघा:
‘तातडीची मागणी आली की प्लॅन संध्याकाळनंतर तोंडी बदलतो आणि प्लॅनिंगला दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. तोवर आधीच्या पार्टची तयारी झालेली असते, ती पडून राहते आणि रिजेक्शन वाढतं. बदल ठरला की त्याच वेळी ग्रुपवर पार्ट, संख्या आणि कुठल्या शिफ्टपासून एवढी एक ओळ आली तर पुढची तयारी रात्रीच थांबवता येईल.’

यात काय होतं, त्याने काय बिघडतं आणि साहेबांनी उद्यापासून काय करायचं, हे सगळं आलं. मुदत वाढवून आणतात ते पहिल्या रकान्यात नक्की लिहा, ते खरं आहे म्हणून.

इंग्रजीचं म्हणाल तर बाकी चौघे मराठीत लिहिणार असतील तर इंग्रजी वाक्यच उठून दिसेल. गुणांचंही तसंच. चौघांनी ४ दिले आणि तुम्ही १, तर सरासरी ३.४ येते, पण अहवालात वाटणी दाखवली तर तो एकटा १ डोळ्यात भरतो. जिथे खरंच कमी आहे त्याच प्रश्नाला कमी द्या, रागाने सरसकट नको.

करवीर_पेठ
भाषेचं पटलं. पण इतकं मऊ केलं तर साहेबांना लागणार काय? झापतात ते कुठेच आलं नाही.

सांचा_आणि_शिफ्ट
मी स्वतः शॉप सांभाळतो, मागच्या वर्षी माझ्याबद्दलचा असाच अहवाल हातात आला. खरं सांगतो, पहिला तासभर कुणी लिहिलं हेच हुडकत होतो. दोन वाक्यांवरून माणसं कळली आणि त्या दोन वाक्यांतलं म्हणणं माझ्या डोक्यात शिरलंच नाही, नुसता राग आला. एक वाक्य मात्र कुणाचं ते कळेना: रजेचा अर्ज टेबलावर पडून राहतो, हो-नाही दोन दिवसांत सांगा. तेवढं मी लगेच सुरू केलं. ‘संवाद सुधारावा’ असंही कुणीतरी लिहिलं होतं, त्याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

पंचगंगा_काठ
एचआरला दुसऱ्या खात्यातल्या एका मैत्रिणीने विचारलं. तिघांपेक्षा कमी उत्तरं आली तर गुण दाखवणार नाहीत. लिखाण मात्र जसंच्या तसं जाणार. प्लँट हेडला नावं दिसतात का, यावर नीट उत्तर मिळालं नाही.

प्लॅनच्या बदलाचं तुम्ही दिलंय ते माझ्या शब्दांत फिरवून घालतेय. अडलंय ते झापण्याजवळ. ‘चूक झाली तर मीटिंगनंतर बाजूला घेऊन सांगावं’ एवढंच लिहायचं होतं, आणि ते पाचही जणांनी पाहिलंय. पण त्या दिवशी मीटिंगमध्ये ‘साहेब, असं नको’ म्हणणारी मी एकटीच होते.

जुना_पर्सोनेल
मग ते वाक्य पाचांचं राहिलं नाही, तुमचंच झालं. माझं मत, या फॉर्ममध्ये नको. एचआरमध्ये भरवशाचं कुणी असेल तर तोंडी सांगा. जातीवरून बोलणं किंवा बाईमाणसाशी गैर वागणं असतं तर हा फॉर्म त्याची जागाच नव्हता. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते, तिथे लेखी द्यायचं असतं.

सांचा_आणि_शिफ्ट
मी असहमत. ताई तोंडावर एकदा बोलल्यात, तेच पुन्हा कागदावर आलं तर साहेबांना नवीन काय कळणार? उलट दुसऱ्या कुणीही तेच लिहिलं तरी संशय यांच्यावरच येणार. मग लिहून टाकलेलं बरं.

पंचगंगा_काठ
दोन्ही पटतंय, म्हणूनच अडलेय. प्लॅनचा परिच्छेद आणि पहिला रकाना तयार आहे. बाकीच्यांनी भरल्याशिवाय पाठवणार नाही. झापण्याच्या वाक्याचं गुरुवारपर्यंत ठरवते. कुणी असं वाक्य लिहिलं असेल आणि पुढे काय झालं ते सांगता येत असेल तर जरूर लिहा.