मदत हवी आहे : गेम सर्व्हरच्या आउटबाउंड डेटाचा महिन्याचा अंदाज बरोबर आहे का?

आम्ही ऐरोली-ठाण्यातले बारा जण माइनक्राफ्ट (जावा) खेळतो. सर्व्हर सध्या माझ्या घरच्या पीसीवर आहे, तो मुंबई रीजनमधल्या क्लाउडवर हलवायचा आहे. मशीनचं भाडं समजलं, अडलंय ते बाहेर जाणाऱ्या डेटावर.

चार जण आपापल्या घरून खेळत असताना `vnstat -h` लावून फक्त tx चा आकडा पाहिला. तासाला साधारण 600 एमबी, म्हणजे माणशी 150. बारा जण, रोज तीन तास, तीस दिवस धरले तर 1080 तास, म्हणून 162 जीबी. आत येणारा डेटा फुकट असल्याने तो धरला नाही.

मग लक्षात आलं की रोज रात्री 3 जीबीचा बॅकअप मी घरी उतरवणार. तेही आउटबाउंडच! महिन्याला 90 जीबी, खेळाच्या निम्म्याहून जास्त. एकूण 252. पाहिलेल्या प्लॅनमध्ये 100 जीबी मोफत, पुढे जीबीला सुमारे 0.11 डॉलर, म्हणजे जवळपास 17 डॉलर आणि वर जीएसटी.

एक खोट आहे. मोजलं त्या दिवशी सगळे तळावर बसून बांधकाम करत होते. एलिट्रा घेऊन नव्या भागात उडाले की चंक धडाधड पाठवले जातात, तेव्हा आकडा किती चढतो ते मोजलेलं नाही. view-distance 10 आहे, 7 पर्यंत उतरवायला तयार आहोत. बॅकअप त्याच रीजनच्या स्टोरेजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदाच घरी आणायचीही तयारी आहे. बजेट मशीन सोडून महिना 1000 रुपये.

ज्यांनी असा सर्व्हर चालवलाय त्यांनी सांगा : माणशी 150 एमबीवर किती पट धरून चालू, की सरळ 1 टीबी ट्रान्सफर धरलेला ठरावीक भाड्याचा प्लॅन घेऊ?