एका नो-बॉलने कुणाचं काय गेलं?

मांडवीकाठ:
2010 मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानने ठरवून तीन नो-बॉल टाकले. धावा गेल्या तीन. सामना डावाने हरले, म्हणजे त्या तीन धावांनी निकाल बदलला नाही. पैसे बुकीचे, आणि कुणी पंटर बुडाला असेल तर तो स्वतःच जुगार खेळत होता. मग प्रेक्षकाचं, सहकाऱ्यांचं, खेळाचं नक्की काय नुकसान झालं? तेव्हा अठरा वर्षांचा असलेला आमिर मात्र पुढे तुरुंगात गेला.

पर्वरी एंड:
त्या तीन चेंडूंवर सट्टा लागलाच नव्हता, तुमचा हिशेब इथेच चुकतो. एजंट मझहर मजीदने हे चेंडू आधी ज्याला सांगितले तो बुकी नव्हता, सट्टेबाज म्हणून आलेला पत्रकार होता. दीड लाख पौंड मोजून त्याला नो-बॉल मिळाले नाहीत. हे गोलंदाज माझ्या मुठीत आहेत, याचा पुरावा मजीदने त्याला दिला. घर घेताना बयाणा देतात, तसा. नो-बॉल यासाठी सोयीचा, कारण त्यात फलंदाज काय करेल, चेंडू किती वळेल याचा संबंध नाही. गोलंदाज एकट्याच्या जिवावर तो टाकू शकतो, टीव्हीवर स्पष्ट दिसतो आणि संघाची एकच धाव जाते.

खरा माल नंतर विकला जातो. समजा सहा षटकांचं सेशन 46-47 चालू आहे, म्हणजे 47 किंवा जास्त धावा होतील असं वाटणारा ‘येस’ लावतो, होणार नाहीत म्हणणारा ‘नो’. एका षटकात 14 धावा द्यायच्या हे बुकीला आधीच ठाऊक असेल, तर त्याची माणसं ते षटक सुरू होण्याआधी 47 वर ‘येस’ लावून मोकळी होतात. षटक संपलं की लाइन वर सरकते, मग त्या माहितीची किंमत शून्य. म्हणून खूण लागते. ड्रेसिंग रूममध्ये जाण्याआधी फोन काढून घेतात, तेव्हा खूण मैदानातूनच द्यावी लागते: कमरेला टॉवेल, घड्याळ, गळ्यातली साखळी बाहेर काढणं, पहिल्या चेंडूआधी उगाच लांबवलेला व्यायाम. आणि याच व्यायामात शेवटचे पैसे लागतात.

आता सहकाऱ्यांचं बघा. ते षटक त्या गोलंदाजाला कर्णधाराने विश्वासाने दिलेलं असतं. त्याने दिलेल्या धावा आवरायला पुढच्या गोलंदाजाला फील्ड पसरून टाकावं लागतं आणि त्याची विकेट घ्यायची संधी जाते. दहा जण एक सामना खेळतात, अकरावा दुसराच. लॉर्ड्सच्या त्याच डावात आमिरने 84 धावांत सहा बळी घेतले होते. ते सहा बळी आज कोण कौतुकाने आठवतो? त्याच डावात इंग्लंडच्या ट्रॉट आणि ब्रॉडने आठव्या विकेटसाठी 332 धावा जोडल्या, तो विक्रम होता. त्या दोघांचा काडीचा दोष नाही, तरी त्या भागीदारीचं नाव निघालं की बोलणं नो-बॉलवरच जातं. तुम्ही विचारलेलं नुकसान हे आहे.

फातोर्डेकर:
सगळी चर्चा क्रिकेटची. पगार वेळेवर मिळत नाही असल्या खालच्या लीगमधल्या फुटबॉलरकडे कोण बघतो? सामना ऑनलाइन दिसतो, मैदानात बसलेला माणूस फोनवरून प्रत्येक कॉर्नर कळवतो, आणि त्यावर दूर कुठल्यातरी देशात पैसे लागतात. बॅकला सांगतात, तुम्ही हरणारच आहात, एक गोल जास्त खा. घर चालवायला पैसे नसलेल्या पोराला तुम्ही आजन्म बंदी घालणार आणि पगार थकवणारा क्लबचा अधिकारी पुढच्या मोसमात पुन्हा खुर्चीवर. आधी पगार द्या, मग नीतीच्या गोष्टी करा.

पर्वरी एंड:
थकलेल्या पगाराचं अर्धं खरं आहे. झिम्बाब्वेचा ब्रेंडन टेलर बघा. त्याने स्वतः जाहीर केलेला घटनाक्रम असा. ऑक्टोबर 2019 मध्ये एका भारतीय व्यावसायिकाने त्याला इकडे बोलावलं, प्रायोजक आणि झिम्बाब्वेत टी-20 लीग अशी कारणं सांगून. येण्याचे 15,000 डॉलर ठरले. टेलरला बोर्डाकडून सहा महिने पगार नव्हता. शेवटच्या रात्री जेवण, दारू, मग कोकेन पुढे केलं, त्याने घेतलं. सकाळी तीच माणसं खोलीत शिरली, रात्रीचा व्हिडिओ दाखवला आणि म्हणाली, स्पॉट फिक्सिंग कर, नाहीतर हा बाहेर जाईल. तेच 15,000 डॉलर आता आगाऊ रक्कम झाले, काम झाल्यावर आणखी 20,000. पैसे घेऊन तो घरी गेला.

त्याचं म्हणणं, फिक्सिंग केलं नाही. तरी जानेवारी 2022 मध्ये साडेतीन वर्षांची बंदी आली, कारण कळवायला त्याने चार महिने लावले. घरच्यांच्या जिवाची भीती होती, असं त्याने सांगितलं, आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण त्या चार महिन्यांत तीच माणसं आणखी कुणाच्या खोलीत शिरली असतील, याचाही विचार करायला हवा. थकलेला पगार त्याला त्या विमानात बसवतो. गप्प बसायला मात्र पगार लावत नाही.

फातोर्डेकर:
नाही पटत. ज्याच्या डोक्यावर व्हिडिओ टांगलेला आहे, त्याला ‘लगेच कळव’ म्हणणं सोपं आहे. मग 2000 सालच्या नागपूरचं बोला. तिथे तर कर्णधारच दलाल होता.

पर्वरी एंड:
नागपूर तुम्ही काढलंत ते बरं केलं. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार क्रोनिएने गिब्जला 20 च्या आत बाद व्हायला आणि हेन्री विल्यम्सला दहा षटकांत 50 हून जास्त धावा द्यायला सांगितलं, प्रत्येकी 15,000 डॉलर. दोघे हो म्हणाले. गिब्जने 53 चेंडूंत 74 मारल्या, विल्यम्सचा खांदा दुखावला आणि तो 11 चेंडूंनंतर बाहेर गेला. म्हणजे ठरलेलं एकही घडलं नाही, तरी दोघांना सहा महिने बंदी, कारण गुन्हा ‘हो’ म्हणण्यातच पुरा होतो. कर्णधाराने आपल्या हाताखालच्या पोरांना विचारलं, हे मला क्रोनिएने बुकीकडून घेतलेल्या लेदर जॅकेटपेक्षाही जास्त लागतं. ‘नाही’ म्हटलं तर उद्या संघ निवडणारा तोच. दबावाचं तुमचं म्हणणं इथे मी मान्य करतो, बाकी नाही.

काळा कोट, म्हापसा:
प्रेक्षकांबद्दल कायदा काय म्हणतो तेही ऐका, रुचणार नाही. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये खेळाडूंवरचा फसवणुकीचा खटला रद्द केला. तेव्हाच्या कलम 420 ला फसवून कुणाला तरी मालमत्ता द्यायला लावलेलं असावं लागायचं, आणि प्रेक्षक तिकीट आपणहून काढतो. न्यायालय म्हणालं, हा खेळाडूचा अप्रामाणिकपणा असू शकतो, कारवाईचा अधिकार बीसीसीआयचा. इंग्लंडमध्ये कर्णधार बट, आसिफ आणि आमिर यांच्यावर आरोप होते जुगारात फसवणुकीचा कट आणि भ्रष्ट पैसे स्वीकारण्याचा कट. म्हणजे तिथल्या कायद्यात पंटरही फसवला जाऊ शकतो. आपल्याकडे पंटर बेकायदा, म्हणून तो तक्रार करू शकत नाही, आणि तिकीट काढणाऱ्याला कायदा फसलेला मानत नाही. श्रीलंकेने 2019 मध्ये वेगळा कायदा करून दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. आपलं 2013 चं विधेयक मसुद्यातच राहिलं.

मांडवीकाठ:
वकीलबाब, मग माझंच खरं ठरलं. सट्टा कायदेशीर करा. खाती नावावर, व्यवहार नोंदलेले, विचित्र पैसा आला की दिसतो. लोढा समितीनेही 2016 मध्ये हेच सुचवलं होतं. आमच्या डोळ्यांसमोर मांडवीत कॅसिनोच्या बोटी परवाने घेऊन उभ्या आहेत, तिथे चालतं आणि क्रिकेटवर नाही?

सत्तरीकर:
बोटींचं उदाहरण देऊ नका. 1976 च्या जुगार कायद्यात बदल करून त्या आणल्या, पणजीची नदी गेली, आणि आकडा बंद झाला का? गावागावात मटका घेणारा आहेच. आयपीएलच्या दिवसांत कांदोळी-कळंगुटच्या भाड्याच्या फ्लॅटांत लॅपटॉप आणि मोबाइलांचे ढीग सापडतात, ते परवान्याच्या बोटी असतानाच. परवाना मिळाला म्हणून बेकायदा धंदा थांबतो, हे गोव्यात तरी कुणी सांगू नये.

मांडवीकाठ:
बोटींचा राग माझ्यावर का काढता? नदीचा प्रश्न वेगळा.

सत्तरीकर:
वेगळा नाही. जुगारावर कर बसला की सरकारच त्याचं भागीदार होतं, मग तपास कोण करणार?

पर्वरी एंड:
दोघेही जरा थांबा. सट्टा कायदेशीर असलेल्या देशातच लॉर्ड्स झालं, आणि ते पकडलं वर्तमानपत्राने, सट्टेबाजांच्या नोंदींनी नव्हे. इकडचा बुकी उधारीवर खेळवतो, कर घेत नाही, नाव विचारत नाही. कायदेशीर दुकान उघडलं तरी मोठा पंटर त्याच्याकडेच राहील. हो, नोंदींमुळे छोट्या लीगमधले विचित्र पैसे सापडतात, हे मांडवीकाठांचं मला नाकारता येत नाही.

पेडण्याची बाय:
माझा प्रश्न वेगळा आहे. मुलगा सोळा वर्षांखालच्या संघात आहे. बॅटचा प्रायोजक म्हणून ओळख झालेला एक माणूस त्याला सारखं विचारतो, उद्या सलामीला कोण, खेळपट्टीवर गवत किती. पैसे देऊ केलेले नाहीत. यात काही चूक आहे का?

पर्वरी एंड:
बाय, सुरुवात बहुतेक अशीच होते. आधी बॅट, मग फुकटची माहिती, मग माहितीचे पैसे, मग एक छोटं काम. सट्ट्यासाठी आतली माहिती देणं हा नियमात स्वतंत्र गुन्हा आहे आणि ती मागितली तर कळवणं बंधनकारक. शाकिब अल हसनने फिक्सिंग केल्याचा आरोपही नव्हता. दीपक अगरवाल नावाच्या माणसाने 2018 मध्ये त्याच्याकडे अशी माहिती मागितली, त्याने तीन वेळा ते कळवलं नाही, म्हणून दोन वर्षांची बंदी आली, त्यातलं एक वर्ष स्थगित. काही निरोप त्याने पुसूनही टाकले होते. म्हणून मुलाला सांगा, एकही मेसेज पुसायचा नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट घेऊन आजच संघाच्या व्यवस्थापकाला लेखी द्या आणि बीसीसीआयच्या भ्रष्टाचारविरोधी विभागाला कळवा. नुसतं तोंडी सांगितलं तर उद्या तुमच्याकडे पुरावा राहणार नाही. घेतलेली बॅट परत करा.

मांडवीकाठ:
बायच्या मुलाबद्दल वाचल्यावर ‘काय नुकसान झालं’ हा प्रश्न मागे घेतो. पण लॉर्ड्सच्या पोराला सहा महिने आणि त्याच्या कर्णधाराला तीस महिने, यात पोराची शिक्षा अजूनही मला जास्तच वाटते.

काळा कोट, म्हापसा:
त्या दोन शिक्षांतला फरकच सांगतो की न्यायालयाने वय आणि कर्णधाराचं पद दोन्ही तोललं.

फातोर्डेकर:
वय तोललं, मग पगार का नाही तोलत कुणी? पुन्हा विचारतो, उत्तर आलेलं नाही.