अनुभव धागा: वर्कशॉपसाठी माणूस शोधताना जाहिरात कशी लिहिली?

जुनी डायरी सापडली आज, त्यात माझी पहिली जाहिरात होती. "अनुभवी टर्नर पाहिजे, पगार योग्यतेनुसार." फोन भरपूर आले आणि प्रत्येकाला पगार नि वेळ सांगता सांगता दिवस गेले, कामाचा माणूस एकही नाही. मग सरळ लिहिलं:

"लेथवर टर्नर पाहिजे, १ जागा. काम: ड्रॉइंग वाचून शाफ्ट आणि बुश बनवणं, आटे पाडणं, फोर जॉ चकमध्ये डायल लावून जॉब सेंटर करणं. माप ०.०२ मिमीत धरावं लागतं. संध्याकाळी मशीन स्वतः पुसायचं. २० किलोपर्यंत जॉब हाताने उचलावे लागतात. ८ तास, आठवड्याला १ सुट्टी." खाली हातात पडणारा पगार, एकच आकडा, आणि ओव्हरटाइमचा तासाचा दर वेगळा.

फोन आले मोजके, पण त्यातल्या एकाने पहिलाच प्रश्न विचारला, डायल तुमचा की माझा आणू? तोच घेतला, ९ वर्षं होता. तुमचे अनुभव सांगा.

चकवाला: डायलचा प्रश्न भारी, तिथेच कळतं

गावठी_फिटर: पगार लिहू नये असं माझं मत, जुने कामगार वाचतात आणि कुरकुर सुरू होते. आमच्याकडे झालंय हे

लोखंडीताई: @गावठी_फिटर कुरकुर होते हे खरंय पण न लिहून काय लपतं, नवा माणूस पहिल्याच पगाराला सांगतोच की. नव्याला जास्त द्यायची वेळ आली तर आधी जुन्याचा वाढवा मग जाहिरात लावा, आम्ही तसंच केलं. आणि "इतक्यापासून इतक्यापर्यंत" लिहूच नका, समोरचा वरचाच आकडा धरून येतो, खालचा ऐकला की उठून जातो

स्पार्क७: माझा भाऊ वेल्डर आहे, ६ वर्षं अनुभव, जागा आहे का अजून?

चकवाला: @स्पार्क७ अहो ही जुनी जाहिरात आहे आणि टर्नरची 🙂 पण भाऊ पाइप वेल्डिंग करतो का? मेसेज करा

रात्रपाळी: मी पलीकडच्या बाजूचा. जाहिरातीत टर्नर होतं, गेल्यावर गाडीतून माल उतरवणं, झाडणं, मालकाची घरची कामं पण. ३ आठवड्यांत सोडलं. उतरवायचंय हे आधी लिहिलं असतं तर राहिलो असतो खरंतर, पाठीला काही त्रास नव्हता, फसवल्याचा राग होता

लोखंडीताई: @रात्रपाळी वाईट वाटलं वाचून. तीन आठवड्यांचे पैसे मिळाले ना पूर्ण?

रात्रपाळी: दोनचे

गावठी_फिटर: ट्रायलचं काय करता? आम्ही अर्धा दिवस जॉब करायला लावतो, फुकट

मूळ धागाकर्ता: ट्रायलचे पैसे द्या दादा, आणि जाहिरातीतच लिहा. मी ड्रॉइंग नि एक रॉड देतो, २ तास. माप चुकलं तरी चालतं, पण मायक्रोमीटर धरायच्या आधी जॉब थंड होऊ देतो का ते बघतो, गरम जॉब मोठा दाखवतो. एक आकडा की रेंज, यावर मात्र माझा भाऊ अजून भांडतो, त्याचं म्हणणं जास्त हुशार माणूस एका आकड्याला बघून फोनच करत नाही

लोखंडीताई: हं, हे होतं कधीकधी. कुकर झाला, नंतर येते