मदत हवी आहे : तिसरीतला मुलगा सूचना अर्ध्यावरच विसरतो

माझ्या वर्गातल्या एका मुलाबद्दल विचारायचंय. "गणिताची वही काढा, तारीख टाका, पान ३२ वरचं तिसरं उदाहरण सोडवा" म्हटलं की वही निघते, मग तो शेजारच्याकडे बघत बसतो. कान तपासलेत, ठीक आहेत. आठवड्यापूर्वीची गोष्ट मात्र तो व्यवस्थित सांगतो! समुपदेशक ताईंनी आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले, तर दोन आकड्यांपुढे जमेना. कार्यकारी स्मृती, म्हणजे काम करता करता गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता, कमी पडते, असं त्यांचं म्हणणं.

सध्या एका वेळी एकच सूचना देते आणि ती त्याच्याकडून वदवून घेते. बाकावर वही, तारीख, पान अशी चित्रांची पट्टी चिकटवली आहे. फळ्यावरून उतरवण्यातच दमायचा, म्हणून उदाहरणं छापून देते. सुरुवात तरी आता वेळेत होते.

अडतंय ते वजाबाकीत. ५२ − २७ मध्ये दशक सुटा करतो, १२ मधून ७ बरोबर काढतो, पण तोवर ५ चे ४ झालेत हे डोक्यातून जातं आणि उत्तर येतं ३५. ५ खोडून वर ४ लिहायला लावलं की चुकत नाही. स्वतःहून मात्र लिहीत नाही. वर रिकामी चौकट छापून द्यावी का? दिली तर ती कधी आणि कशी काढून घ्यायची?

श्रुतलेखनातही लांब वाक्याचे शेवटचे शब्द गळतात. तुकडे करून सांगितलं तर अर्थाचा धागा तुटतो. तुम्ही काय करता?