मराठी-इंग्रजी जाहिरात: क्लिक नव्हे, बुकिंग मोजा

> "फवारणी पंपाच्या मराठी अन् इंग्रजी अशा दोन जाहिराती फेसबुकवर टाकल्या. इंग्रजीला क्लिक जास्त आहेत. मराठी बंद करू का?"

इतक्यात नका करू भाऊ. दोन्ही एकाच ॲड सेटमध्ये टाकल्या असतील, तर फेसबुक पैसा सारखा वाटत नाही. सुरुवातीला जी बरी वाटली तिच्यावरच जास्त ओततं. Ads Manager मधली A/B test लावा, म्हणजे एका माणसाला एकच जाहिरात दिसेल. फोटो, किंमत, बटण तेच ठेवा, फक्त भाषा बदला. आणि दोन्ही एकाच वेळी चालवा. एक ऐन फवारणीत अन् दुसरी पोळ्यानंतर चालवली तर तुलना हंगामाची होते.

Languages चा रकाना मोकळा सोडा. हा रकाना माणूस काय वाचतो ते बघत नाही, मुख्यतः ॲप कोणत्या भाषेत आहे ते बघतो. घाटंजी-दारव्ह्याकडे मराठीच वाचणाऱ्या कित्येकांचा मोबाईल इंग्रजीत असतो. तिथं मराठी निवडलं की हे सगळे गळतात.

आता हिशोब. समजा दोन्हींवर हजार-हजार गेले. इंग्रजीला २०० क्लिक, म्हणजे ५ रुपयांचा एक. मराठीला १२५, म्हणजे ८ रुपयांचा. पण पंप बुक झाले इंग्रजीतून २ अन् मराठीतून ५, तर एका बुकिंगचा खर्च ५०० विरुद्ध २००. तरी २ अन् ५ वर निकाल लावू नका, एवढा फरक नशिबानेही पडतो. तीस-चाळीस बुकिंग होऊ द्या.

बुकिंग कुठून आलं हे कळायला व्हॉट्सॲपचा तयार मेसेज वेगळा ठेवा: एकात "पंप क", दुसऱ्यात "पंप ख". थेट दुकानात येणाऱ्याला मात्र विचारावंच लागतं.