प्रश्नोत्तराचा तास बंद करा (निदान फुकटचा चहा तरी वाचेल)

हर्णैचा वारा: अधिवेशन आलं की आमदार-खासदार प्रश्न टाकतात, वर्तमानपत्रात फोटोसकट "अमुक यांनी सरकारला धारेवर धरले" छापून येतं. उत्तर काय, तर "हे खरे नाही". मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ला सुरू झालं, तेव्हापासून प्रश्न चालूच आहेत आणि खड्डेही चालूच आहेत. हा तास म्हणजे निव्वळ नाटक. बंद करा आणि तो वेळ कामाला लावा.

पटलावर: वारेसाहेब, "हे खरे नाही" या उत्तराला निम्म्या वेळा प्रश्न लिहिणाराच जबाबदार असतो. विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा तुम्ही पाहिलेला दिसत नाही, म्हणून एक उदाहरण घेतो. चिपळुणात १६ ऑक्टोबर २०२३ला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. त्यावर सहसा असा प्रश्न येतो:

"(१) चिपळूण येथील उड्डाणपूल १५ ऑक्टोबर २०२३ रोजी निकृष्ट कामामुळे कोसळला व ठेकेदारावर कोणतीही कारवाई करण्यात आली नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी करण्यात आली आहे काय, (३) असल्यास, दोषींवर कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?"

आता (१)मध्ये मोजा. तारीख, पडण्याचं कारण आणि कारवाई न होणं, अशी तीन विधानं एकाच "खरे आहे काय"ला बांधली आहेत. तारीख एका दिवसाने चुकली. "निकृष्ट" हा प्रश्नकर्त्याचा निष्कर्ष, खात्याने तो मान्य केलेला नाही. ठेकेदाराला साधी नोटीस गेली असली तरी तिसरं विधान खोटं ठरतं. तिघांतलं एक पडलं की कक्ष अधिकारी निवांत लिहितो: "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." यात मंत्र्याने एक अक्षरही खोटं सांगितलेलं नाही. आणि तुम्ही म्हणता नाटक.

तोच प्रश्न असा लिहा: "(१) १६ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यादरम्यान चिपळूण येथील बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्याची तांत्रिक तपासणी कोणत्या संस्थेकडून करून घेतली व अहवाल कोणत्या दिनांकास प्राप्त झाला, (३) पाडकाम व फेरबांधणीचा खर्च कोणाकडून वसूल करण्यात येत आहे?" (१)ला "होय" म्हणण्यावाचून इलाज नाही, कारण अख्ख्या जिल्ह्याने तो पूल पडलेला पाहिला. एकदा "होय" आलं की पुढचं "उद्भवत नाही" म्हणता येत नाही. तारखेपुढचं ते "वा त्यादरम्यान" कंटाळवाणं वाटतं, पण एका दिवसाची चूक तेच सांभाळून घेतं.

सड्यावरची: वा! म्हणजे पूल पडला तरी दोष व्याकरणाचा. उद्या खड्ड्यात पडलेल्यालाही सांगा, तुझं वाक्य चुकलं.

पटलावर: ताई, दोष व्याकरणाचा नाही. पळवाट व्याकरणात आहे, आणि ती बुजवायला एक पैसा लागत नाही.

भाट्ये खाडी: दोघंही भलत्या ठिकाणी भांडताय. खरी चौकशी समितीत होते. तिथे कॅमेरे नाहीत, त्यामुळे नाटक नाही. सचिवाला फाईल घेऊन बोलावतात आणि चार तास उलटतपासणी होते. लोकलेखा समितीचा अध्यक्ष १९६७पासून विरोधी पक्षाचा असतो. समितीने शिफारस केली की सरकारला ती पाळावीच लागते. तासाभराच्या प्रश्नांत काय आहे? लोकसभेत तारांकित वीस घेतात, त्यातले चार-पाच होतात, उरलेले मरतात.

पटलावर: अध्यक्षपद आणि सचिवाची हजेरी बरोबर. बाकीच्या दोन गोष्टींत घसरलात. शिफारस बंधनकारक नसते. सरकार "मान्य नाही" म्हणून कारण कळवू शकतं, त्यावर समिती पुन्हा अहवाल देते आणि तिथे बऱ्याचदा तो विषय निजतो. उरलेले तारांकित प्रश्नही मरत नाहीत. त्यांची उत्तरं लेखी होऊन पटलावर ठेवली जातात. जातं ते फक्त उपप्रश्न विचारण्याचं भाग्य. शिवाय रोज दोनशे तीस अतारांकित असतात, त्यांना चर्चा नसते पण उत्तर येतं. आकडे हवे असतील तर तारांकितच्या मागे धावूच नका, अतारांकित टाका. तिथे तक्ता जोडून मिळतो.

आणि लोकलेखा समिती काम करते महालेखापरीक्षकांच्या अहवालावर, म्हणजे पैसे खर्च होऊन गेल्यावर. पूल पडला त्या आठवड्यात ती तुमच्या कामाची नाही.

भाट्ये खाडी: शिफारशीचं मान्य. पण विधेयकांची बाजू बघा. पंधराव्या लोकसभेत सत्तर टक्क्यांच्या वर विधेयकं समितीकडे जायची, सतराव्यात सोळा टक्क्यांच्या आसपास. समितीला काम नसतं, तर ते काढून घेण्याची कुणाला गरज वाटली असती का?

पटलावर: हे मात्र मान्य. आणि हे मान्य करताना मला आनंद होत नाही.

रायगडची वाट: एक मूलभूत चूक. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. विधानसभेत त्यावर प्रश्न टाकणंच चुकीचं, खासदारांनी दिल्लीत विचारावं. आमदाराने विचारलं की "बाब केंद्राशी संबंधित आहे" असं उत्तर येणारच.

सड्यावरची: हो ना! चेंडू इकडून तिकडे. बाराही महिने.

पटलावर: चेंडू टोलवला जातो कारण तो कुठे पडलाय तेच आपण सांगत नाही. पळस्पे ते इंदापूर हा तुकडा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. इंदापूरपासून खाली झारापपर्यंत काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची राष्ट्रीय महामार्ग शाखा बघते. पैसा केंद्राचा, देखरेख करणारे अभियंते राज्याचे. म्हणून चिपळूणच्या पुलाबाबत "कोणत्या अभियंत्याने किती वेळा तपासणी केली" हे विधानसभेत विचारायचं, आणि "निधी कधी दिला, मुदतवाढ किती वेळा मंजूर केली" हे लोकसभेत. एकाच प्रश्नात दोन्ही घातलंत की दोघांनाही हात झटकायला जागा मिळते.

रायगडची वाट: म्हणजे माझं अर्धं बरोबर.

पटलावर: पेणच्या पुढे नाही. नाही, इंदापूरच्या पुढे नाही, आता मीच चुकतोय.

हर्णैचा वारा: तुमचा तो सुधारित प्रश्न कोर्टात अडकेल, ते विसरलात. महामार्गाची जनहित याचिका उच्च न्यायालयात आहे. "बाब न्यायप्रविष्ट आहे" म्हटलं की संपलं.

पटलावर: चांगला मुद्दा, मी तो टाळत होतो. न्यायालयापुढच्या विषयावर प्रश्न घेऊ नये, असा नियम आहेच. पण अहवाल कोणत्या तारखेला आला हे विचारणं आणि ठेकेदार दोषी आहे का हे विचारणं, यात फरक आहे. पहिलं नोंदीतलं तथ्य, दुसरं न्यायालयाने ठरवायचं. कार्यालयात काही वेळा दोन्ही एकाच गाळणीतून जातात, आणि मग प्रश्न अस्वीकृत. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

मालवणचो दर्यावर्दी: तुमचां पुराण ऱ्हवांदे. आमच्या जेटीकडलो गाळ कोण काढतलो ता सांगा. ओहोटीक होडये चिखलात बसतत. आमदारांक सांगून दमलंय.

सड्यावरची: भाऊ, इथे महामार्गावर चर्चा चाललीये.

पटलावर: दर्यावर्दी, चर्चा तीच आहे, फक्त पाण्यातली. प्रश्न कोणाला पाठवायचा हे आधी ठरवा. प्रवासी जेटी असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळ, म्हणजे बंदरे विभाग. मिरकरवाड्यासारखं मासेमारी बंदर असेल तर मत्स्यव्यवसाय विभाग. चुकीच्या खात्याला गेलेला प्रश्न बरोबर खात्याकडे वर्ग होतो, पण त्यात दिवस जातात आणि अधिवेशन संपतं. आमदारांना तोंडी सांगू नका, एका कागदावर जेटीचं नाव, ओहोटीला राहणारं पाणी आणि शेवटचा गाळ कधी काढला ते लिहून द्या. त्यांचे स्वीय सहायकच बहुतेक प्रश्न लिहितात, त्यांना आयता मजकूर हवाच असतो. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे.

मालवणचो दर्यावर्दी: फुटात लिवू काय मीटरात?

पटलावर: काहीही. पण तारीख आणि वेळ घाला.

हर्णैचा वारा: हे सगळं करूनही मंत्री म्हणाले "माहिती घेण्यात येत आहे", तर?

पटलावर: तर खूश व्हा. संसदेत "माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल", "विषय विचाराधीन आहे", "मी तपासून बघतो" असली वाक्यं आश्वासन धरली जातात आणि आश्वासन समितीच्या यादीत जातात. तीन महिन्यांत पूर्तता व्हावी लागते, नाहीतर खात्याला मुदतवाढ मागावी लागते. लोकसभा विसर्जित झाली तरी आश्वासन बुडत नाही, नवी समिती ते पुढे चालवते. गफलत अशी, की "काम प्रगतीपथावर आहे" हे वर्णन झालं, आश्वासन नव्हे. म्हणून उपप्रश्न मोठा करू नका, भाषण तर नकोच. एवढंच विचारा: "अहवाल पटलावर कधी ठेवणार?" मंत्री "लवकरात लवकर ठेवू" म्हणाले तरी सापडले.

भाट्ये खाडी: आणि मग खातं समितीला विनंती करतं, की हे आश्वासन वगळावं. ते का गाळलंत?

पटलावर: गाळलं नाही, पुढे येणार होतं. तशी विनंती होते, आणि कारण पटलं तर समिती मान्यही करते.

सड्यावरची: म्हणजे वगळायलाही समिती. बरं, मी माघार घेते: प्रश्नोत्तराचा तास नाटक नाही. हा दोन अंकी फार्स आहे, दुसरा अंक बंद दाराआड.

हर्णैचा वारा: माझं मत तेच. फक्त शीर्षकात "बंद करा"ऐवजी "नीट लिहा" करावं का, विचार करतोय. विचाराधीन आहे.

पटलावर: वारेसाहेब, हे आश्वासन धरलंय. तीन महिने.